बीजं काढून झाली, मग पोट का फुगतंय? आयव्हीएफ, ट्रिगरचं इंजेक्शन आणि ओएचएसएस

आयव्हीएफबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक दोन प्रश्नांभोवती फिरतं: खर्च किती येतो आणि मूल होण्याची शक्यता किती. मधल्या तीन-चार आठवड्यांत शरीरात नेमकं काय घडतं, हे क्लिनिकच्या छापील कागदावर चार ओळींत उरकलेलं असतं. त्यातल्या एका ओळीत 'ओएचएसएस' असा शब्द असतो आणि पुढे सूचना असते, 'पोट फुगल्यास कळवावे'. आता पोट तर या काळात जवळजवळ प्रत्येकीचंच थोडंफार फुगतं. मग कळवायचं कधी?

ओएचएसएस म्हणजे ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम. घरगुती भाषेत त्याला 'इंजेक्शनांची उष्णता झाली' म्हणतात, आणि काही जणींना वाटतं की बीजं काढताना सुई कुठेतरी लागली असेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा आजार उष्णतेचा नाही आणि सुईचाही नाही. त्याचं मूळ बहुतेक वेळा एका विशिष्ट इंजेक्शनात असतं, जे पूर्ण उपचारात एकदाच घेतलं जातं. ते इंजेक्शन समजलं की आजार कधी सुरू होणार, किती टिकणार आणि टाळता कसा येतो, या तिन्ही गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी एक स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. माझी पीएचडी रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असणाऱ्या पेशींवर आहे, आणि या आजारात बिघाड होतो तो नेमका तिथे. त्यामुळे खालचं वाचून स्वतःची औषधं ठरवू नका. पण तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं हे जरूर ठरवा.

एकाऐवजी वीस

दर महिन्याला पाळीच्या सुरुवातीला दोन्ही अंडाशयांत मिळून अनेक छोटी पाण्याची पिशवी असलेली फॉलिकल्स तयारीत बसलेली असतात. प्रत्येकात एक स्त्रीबीज. त्यांना वाढायला एफएसएच नावाचं हार्मोन लागतं, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते मोजूनमापून सोडते. काही दिवसांत एक फॉलिकल इतरांच्या पुढे जातं, इस्ट्रोजेन बनवायला लागतं, आणि ते इस्ट्रोजेन पिट्युटरीला सांगतं की आता पुरे. एफएसएच उतरतं. पुढे गेलेल्या फॉलिकलला कमी एफएसएचवर भागवता येतं, बाकीच्यांना नाही. ती सुकून जातात.

जगातली पहिली आयव्हीएफ बाळ, लुईस ब्राऊन, 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये जन्मली ती अशाच एकट्या बीजातून. तिच्या आईला बीजं वाढवण्याची इंजेक्शनं दिलेली नव्हती. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांनी मात्र इंजेक्शनांनी अंडाशय चेतवलं होतं आणि भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडला होता. त्या काळात त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ती कथा वेगळी आणि दुःखद. पण 'चेतवा, गोठवा, नंतर सोडा' हा त्यांचा क्रम लक्षात ठेवा, आपण शेवटी तिथेच परत येणार आहोत.

आज जवळपास सगळीकडे अंडाशय चेतवूनच आयव्हीएफ होतं. युक्ती साधी आहे: पिट्युटरी एफएसएच कमी करते तेव्हा आपण बाहेरून रोज ते देत राहायचं. मग मागे पडलेल्या फॉलिकल्सनाही वाढायला मिळतं. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून साधारण 8 ते 12 दिवस पोटावर त्वचेखाली इंजेक्शन, आणि अधूनमधून सोनोग्राफी. इथे एक भीती काढून टाकते, कारण ती मला वारंवार विचारली जाते. यात पुढच्या वर्षांचा साठा वापरला जात नाही. जी फॉलिकल्स या महिन्यात सुकून जाणारच होती, तीच वाचवली जातात.

एवढी फॉलिकल्स एकत्र वाढायला लागली की इस्ट्रोजेन खूप चढतं, आणि पिट्युटरीला वाटू शकतं की बीज सोडायची वेळ झाली. तिने तसा एलएच हार्मोनचा लोट सोडला तर बीजं काढायच्या आधीच निसटून जातील. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसापासून आणखी एक रोजचं इंजेक्शन जोडतात, अँटॅगोनिस्ट. ते पिट्युटरीचं दार फक्त अडवून धरतं. कुलूप लावत नाही. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

ट्रिगर: खरी गोष्ट इथे सुरू होते

दोन-तीन फॉलिकल्स 17-18 मिलिमीटरची झाली की बीजं काढायला तयार, असं आपल्याला वाटेल. तशी ती नसतात. आतलं बीज अजून कच्चं असतं आणि भिंतीला घट्ट चिकटलेलं असतं. नैसर्गिक चक्रात एलएचचा लोट येतो तेव्हा बीज शेवटची पायरी चढून परिपक्व होतं आणि भिंतीपासून सैल होतं. आपण तर तो लोट अडवून ठेवलाय. म्हणून त्याची नक्कल करणारं एक इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला द्यावं लागतं. हाच ट्रिगर. त्यानंतर 34 ते 36 तासांत बीजं काढतात. फार लवकर काढली तर कच्ची मिळतात, फार उशीर झाला तर निसटलेली असतात. क्लिनिकवाले रात्री दहाचा गजर लावायला सांगतात ते उगाच नाही.

बरीच वर्षं ट्रिगर म्हणजे एचसीजी. हो, तेच हार्मोन, जे गरोदरपणात तयार होतं आणि घरच्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दिसतं. (म्हणूनच एचसीजी घेतल्यावर आठवडाभर घरी टेस्ट करू नका. पट्टीवर दुसरी रेघ येईल, पण ती इंजेक्शनची असेल.) एचसीजी आणि एलएच हे फॉलिकलच्या पेशींवरच्या एकाच कुलपात बसणाऱ्या दोन किल्ल्या आहेत. फरक टिकण्याचा. शरीरातलं एलएच रक्तातून फार तर तासाभरात निम्मं होतं. एचसीजीला निम्मं व्हायला एक-दीड दिवस लागतो. म्हणजे जिथे दीड-दोन दिवसांचा लोट पुरेसा होता, तिथे आपण आठवडाभर किल्ली फिरवत ठेवतो.

आणि फॉलिकल रिकामं झालं की संपत नाही. बीज काढून घेतल्यावर उरलेल्या पेशींचं कॉर्पस ल्युटियम बनतं, ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं. एका महिन्यात एक कॉर्पस ल्युटियम असतं, इथे वीस असतात. त्या सगळ्यांवर एचसीजी आठवडाभर बसून राहतं आणि ती सगळी मिळून एक प्रथिन भरमसाट सोडतात: व्हीईजीएफ.

हे माझ्या कामातलं प्रथिन, म्हणून जरा थांबते. आज त्याची ओळख 'नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं' अशी आहे. पण 1983 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं तेव्हा त्याचं नाव रक्तवाहिन्यांची पाझरक्षमता वाढवणारा घटक असं होतं. गाठ असलेल्या प्राण्यांच्या पोटात पाणी का साचतं, याचा शोध घेताना ते सापडलं. केशवाहिनीच्या आतलं अस्तर फरशीसारखं असतं, पेशीला पेशी सांधून बसवलेली. व्हीईजीएफ आलं की हे सांधे उघडतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर थोडंसं टाकलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली फटी दिसायला लागतात. शरीरात त्या फटींतून रक्तातलं पाणी आणि अल्ब्युमिन बाहेर झिरपतं आणि पोटाच्या पोकळीत साचतं. जास्त झालं तर छातीतही.

म्हणजे एकाच वेळी दोन उलट गोष्टी होतात. पोटात पाणी वाढतं, आणि रक्तात पाणी कमी होतं. बाई फुगलेली दिसते पण तिच्या रक्तवाहिन्या कोरड्या पडत असतात. वरण आटलं की घट्ट होतं तसं रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही म्हणून लघवी कमी होते, आणि घट्ट रक्तात गुठळी धरण्याचा धोका वाढतो. ओएचएसएसमधला जीवघेणा भाग हा दुसरा आहे, पोटाचा घेर नाही.

एक उदाहरण, तारखांसकट

उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातले आकडे क्लिनिकमध्ये सर्रास दिसणारे आहेत. 29 वर्षांची एक बाई, राहणार संगमनेरची, उपचार नाशिकला. वजन 52 किलो. पीसीओएस आहे, म्हणजे दोन्ही अंडाशयांत मिळून 28 छोटी फॉलिकल्स दिसतात, एएमएच 7.5. इथेच पहिली घंटा वाजते. वय कमी, अंगकाठी बारीक, पीसीओएस, फॉलिकल्सची संख्या 24 च्या वर आणि एएमएच साडेतीनच्या आसपास किंवा वर: अशा बाईचं अंडाशय थोड्या इशाऱ्यालाही जोरात प्रतिसाद देतं. म्हणून तिला एफएसएचचा डोस बेताचा, रोज 150 युनिट, शुक्रवारपासून सुरू केला. बुधवारी अँटॅगोनिस्ट जोडलं. अकराव्या दिवशी, सोमवारी, सोनोग्राफीत 11 मिलिमीटरच्या वरची 22 फॉलिकल्स. 18 किंवा जास्त असली तर धोका वाढलेला मानतात, म्हणजे दुसरी घंटा.

सोमवारी रात्री दहाला ट्रिगर, समजा एचसीजीचा. बुधवारी सकाळी नऊला, 35 तासांनी, एग पिकअप. थोडा वेळ भूल देतात. योनीमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब जातो, त्याला बांधलेल्या मार्गातून लांब सुई थेट अंडाशयात, आणि एकेका फॉलिकलमधलं पाणी ओढून नळीत घेतात. शेजारच्या लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट ते बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधतात. वीसेक मिनिटांचं काम. हिची 21 बीजं मिळाली, 17 परिपक्व होती, दुसऱ्या दिवशी सकाळी 12 फलित झालेली दिसली, आणि पाचव्या दिवशी त्यातले 5 भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचले. आकडा असा प्रत्येक पायरीवर गळतो, त्यात काही चुकलेलं नसतं.

आता तिचं घर. बुधवारी दुपारी ती गाडीने संगमनेरला परतली. त्या संध्याकाळी ओटीपोटात पाळीसारखं दुखणं, थोडे रक्ताचे डाग. हे अपेक्षित आहे. पिकअपनंतर पहिल्या काही तासांत चक्कर, अंग पांढरं पडणं, छातीत धडधड आणि पोट कडक होणं असं झालं तर तो ओएचएसएस नव्हे. तेव्हा पोटात रक्तस्राव होतोय का ते लगेच बघायला हवं. नंतरच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला तर जंतुसंसर्गाचा विचार. ओएचएसएस इतक्या घाईने येत नाही. केशवाहिन्या पाझरून लिटरभर पाणी साचायला दिवस लागतात.

शुक्रवारी तिला परकर घट्ट वाटायला लागला. शनिवारी सकाळी वजन 53.2. रविवारी 54.6, दोन घास खाल्ले की मळमळ, आणि दिवसभरात लघवीला तीनदाच, तीही गडद आणि थोडी. घरातल्यांच्या मते ॲसिडिटी. कोपऱ्यावरच्या दुकानातून पोटदुखीची गोळी आणि गॅसचं औषध आणलं. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहितेय. उपचाराच्या काळात दिवसाआड सोनोग्राफी होत होती, आणि नेमका आजार सुरू होतो तेव्हा बाई घरी असते, क्लिनिकपासून लांब, आणि सगळ्यांना वाटतं अवघड भाग तर संपला.

पोट फुगलंय का, हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. प्रश्न वेगाचा आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. आणि बेंबीच्या पातळीवर टेपने घेर. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते जेवणाने नाही वाढत, ते पाणी आहे. दुसरी खूण लघवी. एक बाटली आणि वही ठेवा, मोजा. दिवसभरात लिटरच्या खाली आली तर फोन करायचा. वजन चढतंय आणि लघवी उतरतेय, ही जोडी दिसली की गॅसचं औषध बाजूला ठेवायचं. श्वास लागणं, आडवं झोपता न येणं, पाणीही न टिकणं, लघवी जवळपास बंद होणं, यांपैकी काहीही झालं तर फोनवर न थांबता रात्रीच हॉस्पिटल. पोटरीत दुखून सूज आली, किंवा मान अथवा हात एका बाजूने सुजला, तरीही तसंच. या आजारात गुठळ्या पायाइतक्याच मानेच्या आणि हाताच्या शिरांतही धरू शकतात, आणि सुजलेल्या मानेचा आयव्हीएफशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. एका बाजूला अचानक कळ मारून उलट्या सुरू झाल्या तर मोठं झालेलं अंडाशय स्वतःभोवती पीळ घेतंय का, हे तातडीने बघावं लागतं. म्हणूनच या दिवसांत पळणं, जड उचलणं आणि शरीरसंबंध टाळायला सांगतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नकोत. रक्त कमी मिळणाऱ्या मूत्रपिंडावर त्या आणखी ताण टाकतात. आणि सूज उतरावी म्हणून कुणी लघवी वाढवणारी गोळी दिली तर आधी ट्रिगरची तारीख सांगा. आधीच आटलेल्या रक्तातून आणखी पाणी काढणं म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. पाणी तहानेप्रमाणे प्या, कोंबू नका. अंड्याचा पांढरा भाग आणि प्रोटीन पावडर हमखास सुचवतात. खायला हरकत नाही, पण त्याने ओएचएसएस टळतो याला भक्कम पुरावा नाही.

रिपोर्टमधला एक आकडा

हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफीत अंडाशयाचा आकार आणि पोटातलं पाणी बघतात, आणि रक्तात हिमॅटोक्रिट. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते हा आकडा सांगतो. पाणी निघून गेलं की तो चढतो. 45 च्या वर गेला तर आजार तीव्र मानतात, 55 च्या वर म्हणजे अतिगंभीर.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे. आपल्या कितीतरी बायका उपचाराला येतानाच रक्ताने कमी असतात. समजा आपल्या बाईचा सुरुवातीचा हिमॅटोक्रिट 32 होता आणि रविवारी रात्री 42 आला. छापील रिपोर्टवर 42 सामान्य मर्यादेत बसतो, त्याखाली लाल रेघ येत नाही. पण 32 चा 42 होणं म्हणजे रक्तातल्या द्रवाचा मोठा भाग बाहेर गेलाय. म्हणून उपचार सुरू होण्याआधीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि दोन्ही कागद शेजारी धरून दाखवा. सोबत एका चिठ्ठीवर ट्रिगरच्या औषधाचं नाव, तारीख, आणि किती बीजं काढली ते लिहा. रात्री भेटणारे डॉक्टर कदाचित आयव्हीएफवाले नसतील. त्यांना मोठी अंडाशयं आणि पोटात पाणी एवढंच दिसलं तर शंका भलतीकडे जाऊ शकते, अगदी ऑपरेशनपर्यंत.

उपचार मूळ कारणावर नाही, वेळ काढण्यावर असतो. एचसीजी उतरेपर्यंत शिरेतून बेताने द्रव, गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं, आणि पोट ताणलं असेल तर सोनोग्राफीत बघून सुईने पाणी काढणं. पाणी काढलं की श्वास तर मोकळा होतोच, पोटातला दाब उतरून मूत्रपिंडाकडे रक्त नीट जातं आणि लघवी सुटते. गर्भ राहिलेला नसेल तर पाळी येईपर्यंत आजार बहुधा उतरतो.

आणि गर्भ राहिला तर

आपल्या उदाहरणात सोमवारी, पिकअपच्या पाचव्या दिवशी, भ्रूण गर्भाशयात सोडायचा होता. ट्रान्सफर ही सगळ्यांत साधी पायरी: भूल नाही, मूत्राशय भरलेलं ठेवून पोटावरून सोनोग्राफी, आणि मऊ बारीक नळीतून थेंबभर द्रवात एक भ्रूण. पाचेक मिनिटं. पण जरा विचार करा. रुजलेला भ्रूण पहिलं काम कोणतं करतो? एचसीजी बनवतो. इंजेक्शनचं एचसीजी उतरत आलेलं असतं, तेवढ्यात गर्भाचं चढायला लागतं, आणि ते थांबत नाही, वाढतच जातं.

म्हणून ओएचएसएसच्या दोन लाटा असतात. पहिली ट्रिगरनंतर साधारण आठवडाभरात येते, इंजेक्शनमुळे. दुसरी दहाव्या दिवसानंतर, गर्भामुळे, आणि ती बऱ्याचदा जास्त लांबते. विचित्र परिस्थिती असते ती: प्रेग्नन्सी टेस्टची गोड बातमी आणि पोटातलं पाणी एकाच आठवड्यात. उलट्यांना सगळे डोहाळे म्हणतात. जुळे असले तर जोर आणखी. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शिकेनुसार सौम्य त्रास आयव्हीएफच्या एक तृतीयांशापर्यंत चक्रांत होऊ शकतो, मध्यम किंवा तीव्र 3 ते 8 टक्क्यांत.

आपल्या बाईला रविवारी त्रास सुरू झालाय. सोमवारी भ्रूण सोडला तर पहिल्या लाटेला दुसरी येऊन मिळणार. तेव्हा ट्रान्सफर थांबवून पाचही भ्रूण गोठवणं हाच शहाणपणा. 'एवढं सगळं करून आता महिना-दोन महिने थांबायचं?' ही निराशा खरी आहे. पण गोठवलेले भ्रूण उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये तसेच राहतात, अंडाशय मात्र तोवर शांत होतं.

पण तो सोमवार वेगळा असू शकला असता

अँटॅगोनिस्ट पिट्युटरीचं दार फक्त अडवतं, हे आठवतंय? म्हणजे आत एलएचचा साठा शाबूत आहे. अशा वेळी एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनसारखं ॲगोनिस्ट इंजेक्शन दिलं तर ते अँटॅगोनिस्टला बाजूला सारून दार उघडतं, आणि बाईचं स्वतःचंच एलएच लोटासारखं बाहेर येतं. बीजं परिपक्व होतात, आणि दीड-एक दिवसात एलएच ओसरतं. वीस कॉर्पस ल्युटियम आधार नसल्याने लवकर कोमेजतात, व्हीईजीएफ फारसं सुटत नाही. जुन्या पद्धतीत पिट्युटरीला आधीच दोन-तीन आठवडे औषध देऊन निपचित केलेलं असायचं, साठाच नसायचा, त्यामुळे हा मार्ग बंद होता.

यालाही किंमत आहे. कॉर्पस ल्युटियम कोमेजली म्हणजे प्रोजेस्टेरॉन गेलं, आणि गर्भाशयाचं अस्तर ताज्या ट्रान्सफरला नीट साथ देत नाही. म्हणून या ट्रिगरबरोबर बहुधा सगळे भ्रूण गोठवून, पुढच्या एखाद्या चक्रात अस्तर तयार करून एक सोडतात. दुर्गाच्या वेळचा क्रम, वेगळ्या कारणासाठी. पीसीओएस असलेल्या 1508 चिनी स्त्रियांवर झालेल्या आणि 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात ताज्या ट्रान्सफरच्या गटात मध्यम ते तीव्र ओएचएसएस 7.1 टक्के होता, गोठवलेल्या गटात 1.3. मूल जन्मण्याचं प्रमाण 42 विरुद्ध 49.3 टक्के, म्हणजे थांबण्याने तोटा नव्हे, फायदाच. मात्र गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा प्रीएक्लॅम्प्सिया हा त्रास गोठवलेल्या गटात जास्त होता, 4.4 विरुद्ध 1.4 टक्के. त्यामुळे 'सगळ्यांचेच भ्रूण गोठवा' असं मी म्हणणार नाही. पाच-सहा बीजं मिळालेल्या बाईला ओएचएसएसचा धोका मुळात कमी असतो. ॲगोनिस्ट ट्रिगरनंतरही क्वचित आजार झालेला नोंदवलाय, म्हणून वजनाचा काटा तिथेही ठेवायचाच. धोका जास्त असेल तर ट्रिगरच्या दिवसापासून आठवडाभर कॅबरगोलिनची गोळीही देतात. व्हीईजीएफचं काम ती काही अंशी रोखते.

ट्रिगरच्या सोनोग्राफीला जाल तेव्हा विचारायचे प्रश्न एवढेच: फॉलिकल्स किती आहेत, ट्रिगर कोणता देणार आहात, आणि संख्या जास्त असेल तर भ्रूण गोठवायचा विचार आहे का. उत्तर द्यायला डॉक्टरांना दोन मिनिटं पुरतात.

जाता जाता बीजदात्या स्त्रियांबद्दल. 2021 च्या कायद्यानुसार आपल्या देशात एक स्त्री आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिची सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. दात्रीच्या गर्भाशयात भ्रूण सोडायचाच नसतो, म्हणजे दुसरी लाट संभवत नाही. ताज्या ट्रान्सफरसाठी तिचं अस्तर जपायचंही कारण नाही, म्हणजे तिला एचसीजी देण्याची निकड क्वचितच असते. तेव्हा एखादी दात्री पोटात पाणी होऊन हॉस्पिटलात पोहोचली असं कळलं, तर तिच्या केसपेपरवर ट्रिगरच्या रकान्यात कोणतं नाव लिहिलंय, ते मी सगळ्यांत आधी बघेन.